क्वार्टरवरचा कर कोणाच्या खिशातून जातो?

सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या कोणाचीही पगाराची स्लिप पाहा. त्यात व्यवसाय कराची एक ओळ असते. अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये. महिना दहा हजारांच्या वर पगार असलेल्या प्रत्येक पुरुष नोकरदाराला हा कर सारखाच बसतो. स्त्रियांना पंचवीस हजारांपर्यंत सूट आहे. यंत्रावर उभा राहून महिना १८ हजार मिळवणारा कामगार २,५०० भरतो आणि त्याच कारखान्यातला दोन लाख पगाराचा मॅनेजरही २,५०० भरतो. आकडा एक असल्यामुळे कर समान वाटतो. पण कामगाराच्या वर्षाच्या कमाईचा तो सव्वा टक्क्याहून थोडा कमी हिस्सा आहे आणि मॅनेजरच्या कमाईचा जेमतेम एक दशांश टक्का. कमाईच्या मानाने पाहिले तर कामगारावरचे ओझे अकरा पट जड आहे.

अर्थशास्त्रात याला प्रतिगामी कर म्हणतात. उत्पन्न जसे वाढते, तसा उत्पन्नातला कराचा हिस्सा घटत जातो. गंमत अशी की महाराष्ट्राने हा कर १९७५ साली आणला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. पैसा गरिबांच्या कामासाठी, पण गोळा करण्याची पद्धत कमी पगारवाल्याला जास्त टोचणारी. कर कोणाकडून घेतला आणि तो कोणावर खर्च झाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुढे दारू-तंबाखूचा हिशेब मांडताना हे लक्षात ठेवायला हवे.

दुसरा प्रकार प्रमाणशीर कराचा. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची गाडी विकली गेली की व्यापाऱ्याकडून मालाच्या किमतीवर शेकडा दराने बाजार फी घेतली जाते. माल दुप्पट किमतीचा असेल तर फी दुप्पट. आधार वाढला तरी दर तोच राहतो.

तिसरा प्रगतिशील कर. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे प्राप्तिकर. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी पहिल्या चार लाखांवर कर नाही. पुढच्या चार लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या चार लाखांवर १० टक्के, असे करत चोवीस लाखांच्या वरच्या रकमेवर ३० टक्के. करपात्र उत्पन्न २० लाख असेल तर उपकर सोडून कर होतो दोन लाख, म्हणजे १० टक्के. ३० लाख असेल तर चार लाख ऐंशी हजार, म्हणजे १६ टक्के. उत्पन्न दीडपट झाले आणि कर जवळजवळ अडीचपट. बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नाला सवलतीमुळे काहीच भरावे लागत नाही. वरचा टप्पा लागला की सगळ्याच पगारावर वरचा दर बसतो, असा एक गैरसमज आहे. तसे नसते, वरचा दर फक्त त्या टप्प्यात येणाऱ्या रकमेवर लागतो.

आता खरी मेख. जीएसटीसारखा कर खर्चावर बसतो. दुकानदार गरीब-श्रीमंत पाहत नाही, दर सगळ्यांना एकच, म्हणून तो प्रमाणशीर दिसतो. पण १८ हजार मिळवणाऱ्याचा सगळा पगार महिनाअखेरीपर्यंत खर्च होतो आणि दोन लाखवाला त्यातले सत्तर हजार खर्चून बाकीचे गुंतवतो, असे धरा. सोयीसाठी सगळ्या खर्चावर ५ टक्के कर आहे असेही समजू. पहिला ९०० रुपये देतो, म्हणजे कमाईच्या ५ टक्के. दुसरा ३,५०० देतो, पण ते त्याच्या कमाईच्या पावणेदोन टक्के. खर्चाच्या मापाने जो कर प्रमाणशीर आहे, तोच उत्पन्नाच्या मापाने प्रतिगामी निघाला. त्यामुळे एखाद्या कराला नाव देण्याआधी तो कशाच्या तुलनेत मोजला, हे विचारावे लागते.

हीच कसोटी दारूला लावून पाहू. नाशिक जिल्हा त्यासाठी फार सोयीचा आहे, कारण देशी दारू, इंग्लिश दारू आणि वाईन या तिन्हींचे गिऱ्हाईक इथे आहे आणि तिन्हींवर कर आकारायची पद्धत वेगळी आहे. माणसाने पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर ठेवलेली आहे. तिच्यावरचा उत्पादन शुल्काचा अधिकार राज्याचा आणि तो पैसाही राज्याच्याच तिजोरीत जातो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हे शुल्क वाढवले आणि त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील अशी अपेक्षा सांगितली.

देशी दारूवर शुल्क बसते ते प्रूफ लिटरवर. प्रूफ लिटर हे दारूच्या तीव्रतेचे माप आहे. साधारण ५७.१ टक्के अल्कोहोल असलेले एक लिटर म्हणजे एक प्रूफ लिटर. १८० मिलीची, ४२.८ टक्के अल्कोहोलची क्वार्टर घेतली तर ती ०.१३५ प्रूफ लिटर भरते. २०२५ च्या निर्णयाने प्रूफ लिटरमागचे शुल्क १८० वरून २०५ रुपये झाले. म्हणजे एका क्वार्टरवर सुमारे २८ रुपये. आधी ते २४ होते. अशा क्वार्टरची किमान किंमत ८० रुपये ठरवली गेली.

विदेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पण इथेच बनणाऱ्या व्हिस्की-रमचा हिशेब निराळा आहे. तिथे उत्पादक जो निर्मिती खर्च जाहीर करतो, त्याच्या पटीत शुल्क लागते. लिटरला २६० रुपयांपर्यंत खर्चाच्या मालासाठी ही पट तीनवरून साडेचार करण्यात आली. समजा क्वार्टरचा जाहीर खर्च ३० रुपये आहे. आधी शुल्क ९० रुपये होते, ते १३५ झाले. किमान किंमत ठरली २०५ रुपये. बाटलीतले शुद्ध अल्कोहोल मात्र देशीइतकेच, म्हणजे ७७ मिलीच्या आसपास.

वाईनची गोष्ट तिसरीच. २००१ च्या धोरणाने राज्याने द्राक्षाच्या वाईनला उत्पादन शुल्कातून मोकळे केले. त्याच सुमारास गंगापूर धरणाच्या परिसरात सुला उभी राहत होती. पुढे दिंडोरी, निफाड, विंचूर या पट्ट्यात वायनरी आल्या आणि खायच्या द्राक्षांबरोबर वाईनच्या द्राक्षांचेही मळे झाले. २०२२ मध्ये लिटरला १० रुपये असे नाममात्र शुल्क लावले गेले. ७५० मिलीच्या बाटलीवर ते साडेसात रुपये होते. वाईनवर २० टक्के व्हॅटही आहे, पण त्यातले १६ टक्के प्रोत्साहन योजनेखाली उत्पादकाला परत मिळतात. साडेबारा टक्के तीव्रतेच्या बाटलीत सुमारे ९४ मिली शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे क्वार्टरपेक्षा जास्तच.

आता तिन्ही एका मापात बसवू. शुद्ध अल्कोहोलच्या दर दहा मिलीमागे देशीवर साडेतीन रुपयांच्या जवळपास उत्पादन शुल्क पडते, आपल्या उदाहरणातल्या इंग्लिश दारूवर साडेसतरा रुपये आणि वाईनवर ऐंशी पैसे. यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही, पण उत्पादन शुल्क खात्याला येते.

इंग्लिशवर देशीच्या पाचपट शुल्क आहे, तेव्हा हा कर प्रगतिशील आहे असे कोणी म्हणेल. बाटल्यांची तुलना केली तर तसे दिसते खरे. पण कर बाटली भरत नाही, माणूस भरतो. रोज ५०० रुपये हजेरीने महिन्याचे पंचवीस दिवस काम करणारा मजूर साडेबारा हजार मिळवतो. तो रोज एक देशी क्वार्टर घेत असेल, तर महिन्याला २८ रुपयांप्रमाणे ८४० रुपये शुल्क त्याच्या खिशातून गेले, म्हणजे कमाईच्या पावणेसात टक्के. दीड लाख पगाराचा इंजिनिअर रोज इंग्लिश क्वार्टर घेत असेल, तर तो ४,०५० रुपये शुल्क देतो. ते त्याच्या कमाईच्या २.७ टक्के. पाचपट दर लावूनही ओझे मजुरावरच जास्त राहिले. आणि इंजिनिअर वाईनकडे वळला, तर हा हिस्सा दिसेनासा होतो.

दारू-तंबाखूवरचा कर बहुतेक ठिकाणी असाच प्रतिगामी निघतो. मग सरकारे तो जास्त का लावतात? कारणे दोन आहेत आणि ती वेगवेगळ्या दिशांना ओढतात.

पहिले कारण पैशाचे. सवयीच्या वस्तूचा भाव वाढला तरी गिऱ्हाईक लगेच पळत नाही. जगभरच्या अभ्यासांवरून जागतिक आरोग्य संघटना असा ढोबळ अंदाज देते, की तंबाखू १० टक्क्यांनी महागली तर आपल्यासारख्या देशांत तिचा खप सुमारे ५ टक्क्यांनी घटतो. हिशेब करून पाहा. शंभर रुपयांच्या पाकिटात ५० रुपये कर आहे आणि अशी शंभर पाकिटे खपतात. कर १० रुपयांनी वाढवला, पाकीट ११० चे झाले, खप ९५ वर आला. आधी ५,००० रुपये मिळत होते, आता ९५ गुणिले ६० म्हणजे ५,७०० मिळतात. खप पाच टक्के कमी आणि वसुली चौदा टक्के जास्त. अर्थमंत्र्याला याहून सोयीची वस्तू मिळणे कठीण. फ्रँक रॅम्से या इंग्रज गणितज्ञाने १९२७ साली हेच तत्त्व मांडले: ज्या वस्तूची मागणी भावाने फारशी हलत नाही, तिच्यावर कर लावला की बाजाराची मोडतोड कमी होते. पण या तत्त्वात एक क्रूर बाजूही आहे. त्याप्रमाणे मीठ आणि औषध यांच्यावरही भरमसाट कर बसायला हवा. तिथे आपण थांबतो आणि दारू-तंबाखूवर थांबत नाही, यामागे दुसरे कारण आहे.

ते कारण नुकसानीचे. १९२० साली आर्थर पिगू या अर्थतज्ज्ञाने दाखवले, की काही वस्तूंची पूर्ण किंमत विकत घेणारा देतच नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची किंमत समोरून येणारा चुकवतो. बिडीचा धूर घरातले लेकरू ओढते. तोंडाच्या कर्करोगावरच्या उपचारांचा खर्च सरकारी रुग्णालयावर पडतो, म्हणजे आपल्या सगळ्यांवर. ही इतरांवर ढकललेली किंमत कराच्या रूपाने वस्तूच्या भावात घालावी, हे पिगूचे म्हणणे. व्यसनात त्याला आणखी एक पदर आहे: पंधराव्या वर्षी तंबाखू मळायला शिकणारा मुलगा पन्नाशीतल्या स्वतःचेच नुकसान करत असतो, आणि त्या वयात त्याला त्याचा हिशेब नसतो. नव्या मुलाला अडवायला वाढलेला भाव हा जुन्या व्यसनी माणसाला सोडवण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

गरिबांवरच्या ओझ्याच्या आक्षेपाला आरोग्यवाले इथूनच उत्तर देतात. त्यांचे म्हणणे असे, की भाववाढीने सर्वांत आधी हात आखडतो तो गरिबाचा. त्यामुळे कराचे पैसे गरीब जास्त देत असला, तरी वाचलेले आयुष्य आणि टळलेला दवाखान्याचा खर्चही त्याच्याच पदरात जास्त पडतो. पैशाच्या मापाने प्रतिगामी असलेला कर आरोग्याच्या मापाने प्रगतिशील ठरू शकतो. हा युक्तिवाद खरा आहे, पण एका अटीवर: भाव वाढल्यावर माणसाने पिणे किंवा ओढणे खरोखर कमी केले पाहिजे. तो जर तेवढ्याच नशेच्या स्वस्त वस्तूकडे सरकला, तर आरोग्याचा फायदा शून्य आणि ओझे कायम.

नेमके तेच इथे होऊ शकते. २०२५ च्या वाढीने आपल्या उदाहरणातल्या इंग्लिश क्वार्टरवर ४५ रुपये चढले आणि देशीवर साडेतीन रुपये. दोन्हींमधली दरी रुंदावली. त्यातच ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्यापासून बनणाऱ्या, स्थानिक उत्पादकांच्या दारूचा नवा प्रकार आला. त्याला प्रूफ लिटरला २७० रुपये शुल्क, म्हणजे त्याच तीव्रतेच्या क्वार्टरवर साधारण ३६ रुपये, आणि किमान किंमत १४८. ज्याला २०५ परवडत नाहीत, त्याच्यासाठी १४८ ची पायरी तयार आहे आणि तिच्या खाली ८० ची. नशा तीच, कर चौथाई. दारू कमी करावी हा हेतू असेल, तर या जिन्याच्या पायऱ्या उतरायला फार सोप्या आहेत.

तंबाखूत हीच गोष्ट बिडीची. नाशिक जिल्ह्यातले सिन्नर बिडी उद्योगासाठी पूर्वीपासून ओळखले जाते. तेंदूची पाने आणि तंबाखू घरी नेऊन बिड्या वळायच्या आणि हजारी हिशेबाने मजुरी घ्यायची, यावर असंख्य बायकांचे संसार चालले. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा बिडीवर सिगारेटप्रमाणेच २८ टक्के दर लागला, पण सिगारेटवरचा जादा उपकर बिडीला लावला नाही. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी परिषदेने तंबाखूच्या इतर पदार्थांसाठी ४० टक्क्यांचा दर ठरवला आणि बिडीचा दर २८ वरून १८ वर आणला. फेब्रुवारी २०२६ पासून हे दर लागू झाले, आणि सिगारेटवर लांबीप्रमाणे केंद्राचे वेगळे उत्पादन शुल्कही आले. कारण दिले जाते ते बिडी वळणाऱ्या बायकांच्या रोजगाराचे, आणि ते खोटे नाही. पण बिडी सिगारेटपेक्षा कमी घातक आहे, असा कोणताही वैद्यकीय आधार नाही. स्वस्त बिडीचा खरा ग्राहक गरीब आहे. त्याच्यावरचा कर हलका केला, तो त्याचा आजार हलका न करता.

मग सरळ वाटेने जाऊन सगळ्यांवर भरमसाट कर का लावू नये? कारण एका मर्यादेपलीकडे दारू कराच्या जाळ्यातून निसटते. नाशिक जिल्ह्याची सुरगाणा-पेठची हद्द गुजरातला लागते. गुजरातेत दारूबंदी, आणि त्याच बाजूला दमण व दादरा-नगर हवेलीत कर कमी म्हणून दारू स्वस्त. भावातला फरक जेवढा मोठा, तेवढी घाटातून रात्री गाडी आणणे फायद्याचे. त्याहून भयंकर म्हणजे हातभट्टी. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसे दगावली. देशी दारू जरा स्वस्त ठेवली जाते, त्यामागे हीच भीती आहे. पूर्ण बंदीचा अनुभवही फारसा वेगळा नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी झाली आणि चोरटी दारू वाढल्याच्या तक्रारींनंतर २०२१ मध्ये ती उठवली गेली. राज्यघटनेचे ४७ वे कलम सरकारला दारूबंदीकडे जायला सांगते. आपल्या राज्यात दारूचे शुल्क ज्या कायद्याखाली गोळा होते, तो मूळचा १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. बंदीच्या कायद्याने वसुली करणारे सरकार दारू संपावी म्हणून कर लावते की चालावी म्हणून, हा प्रश्न त्यामुळे कायम राहतो.

तर्कशुद्ध उत्तर मात्र फार अवघड नाही. कर बाटलीच्या जातीवर न लावता तिच्यातल्या शुद्ध अल्कोहोलवर लावावा. तो हप्त्याहप्त्याने वाढवावा, म्हणजे हातभट्टीला अचानक मोकळे मैदान मिळणार नाही. महागाईबरोबर तो आपोआप वाढला पाहिजे, नाहीतर रुपयांत ठरवलेला दर दरवर्षी गुपचूप स्वस्त होत जातो. द्राक्ष उत्पादकाला आणि बिडी वळणाऱ्या बाईला मदत करायची असेल, तर ती उघडपणे अनुदानाने आणि दुसऱ्या कामाच्या सोयीने करावी, कमी कराच्या आडून नव्हे. कारण कमी कराचा फायदा वळणाऱ्या बाईच्या मजुरीपर्यंत पोचेलच असे नाही, तो ओढणाऱ्याच्या छातीपर्यंत नक्की पोचतो. आणि गोळा झालेल्या पैशातला ठरावीक वाटा व्यसनमुक्ती केंद्रांकडे व ग्रामीण रुग्णालयांकडे जायला हवा. ज्याच्याकडून सर्वांत मोठा हिस्सा घेतला, त्याच्यापर्यंत तो परत गेला, तरच प्रतिगामी कराचे समर्थन करता येते.

अर्थसंकल्पानंतर दारू-सिगारेट महाग झाल्याची बातमी दरवर्षी येते. ती वाचताना दोन प्रश्न विचारा: वाढ बाटलीच्या किमतीवर झाली की तिच्यातल्या नशेवर, आणि एकूण खप घटला की फक्त एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेला? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘दुकान बदलले’ असे असेल, तर त्या कराला आरोग्य कर म्हणू नये. ती निव्वळ वसुली आहे, आणि तिचा सर्वांत जड हप्ता सर्वांत कमी कमावणारा भरतो आहे.